‘साडेअकराला येतो’ एवढंच का लिहू नये

प्रश्न: मी घरोघरी जाऊन एसी सर्व्हिसिंग करतो. एका कामाला तासभर धरून आणि मध्ये अर्धा तास जायला ठेवून कस्टमरला व्हॉट्सॲपवर टाइम टाकतो, तरी रोज उशीर आणि रोज बोलणी. प्रवासाचा आणि तयारीचा वेळ मेसेजमध्ये लिहायलाच हवा का? आपल्या डोक्यात धरला तर चालत नाही का?

उत्तर:

दादा, नवऱ्याचं पुण्यात हेच काम आहे आणि बुकिंगचे सगळे मेसेज मी पाठवते, त्यामुळे तुमचं दुखणं अगदी ओळखीचं आहे. डोक्यात धरून चालत नाही, कारण कस्टमर आपला दिवस तुमच्या डोक्यावरून ठरवत नाही, तुमच्या मेसेजवरून ठरवतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. बाणेरच्या एका ताईंना मी ‘साडेअकराला येतील’ असं लिहिलं होतं. नवरा पोचला अकरा पन्नासला, आमच्या मते फार काही उशीर नाही. पण मग गेटवर एंट्री, वॉचमनने गाडी बाहेर लावायला लावली, पंप आणि शिडी घेऊन सर्व्हिस लिफ्टची वाट बघितली, वर गेल्यावर बेड सरकवला, प्लॅस्टिक अंथरलं, बाथरूमच्या नळाला पाइप लावला आणि प्रत्यक्ष काम चालू झालं सव्वाबाराला. ताईंना साडेबाराला मुलाला आणायला बसस्टॉपवर जायचं होतं. त्यांनी हिशोब केला होता की साडेअकराला सुरू, सव्वाबाराला मोकळे. ‘अहो, मला आधी सांगितलं असतं तर मी संध्याकाळचं बोलावलं असतं ना,’ एवढंच त्या म्हणाल्या, ओरडल्यापण नाहीत. नवऱ्याला अर्धवट धुतलेला एसी तसाच ओला बंद करून दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं, म्हणजे एका कामाला दोन फेऱ्या.

यात उशिराची २० मिनिटं आणि तयारीची २५ मिनिटं, अशी दोन वेगळी भानगड आहे हे मला तेव्हा लक्षात आलं. आपण ‘साडेअकरा’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात गेटवर पोचणं असतं आणि कस्टमरच्या मनात काम चालू होणं असतं.

आता तुमच्यासारखाच आमचा जुना हिशोब बघा. एक स्प्लिट एसी म्हणजे एक तास, मध्ये अर्धा तास प्रवास, म्हणून मी १०, ११:३०, १ आणि २:३० असे टाइम द्यायचे. खरं काय व्हायचं? वारज्याला १० ला गेटवर, एंट्री आणि लिफ्टमध्ये १० मिनिटं, मांडामांड आणि धुण्याआधी एसी चालवून कूलिंग बघणं १५ मिनिटं, कॉइल, ब्लोअर, ड्रेन पाइप, बाहेरचं युनिट मिळून ४५ मिनिटं, आवराआवर आणि पैसे १० मिनिटं. झाली ८० मिनिटं, म्हणजे ११:२०. तिथून चांदणी चौकातून बाणेरला ४० मिनिटं, म्हणजे दुसरीकडे १२. मग परत ८० मिनिटं आणि वाकडला जायला २५, म्हणजे तिसरीकडे १:४५, आणि त्याच हिशोबाने चौथीकडे ३:३०. दुसरीला अर्धा तास, तिसरीला पाऊण तास, चौथीला एक तास उशीर आणि मध्ये जेवण नाहीच. या सगळ्यात काहीही बिघडलेलं नाही हां, ना टायर पंक्चर, ना ट्रॅफिक जाम, ना कस्टमरने चहाला थांबवलं. उशीर मेसेज पाठवतानाच तयार झाला होता, आणि बोलणी खातो तो बिचारा शेवटच्या घरात.

म्हणून आता मी मेसेजमध्ये दोन्ही गोष्टी लिहिते, पण दोन वेगळ्या पद्धतीने. प्रवासाचा काही भरवसा नाही, तो कधी २५ मिनिटांचा कधी ५० चा, म्हणून तिथे ‘पासून ते पर्यंत’ लिहायचं. तयारी मात्र जवळजवळ ठरलेली असते, म्हणून ती घरात लागणाऱ्या एकूण वेळात आकडा म्हणून धरायची. दोन्ही एकत्र करून ‘११ ते २ मध्ये कधीपण’ असं लिहिलं तर माणूस अर्धा दिवस घरात अडकतो आणि दुसऱ्याला फोन लावतो. आमचा मेसेज साधारण असा असतो:

‘नमस्कार, उद्या बुधवारी एसी सर्व्हिस. आमचा माणूस १२ ते १२:३० मध्ये गेटवर येईल. आल्यापासून निघेपर्यंत साधारण दीड तास लागेल, त्यातली पहिली २०-२५ मिनिटं गेट एंट्री आणि तयारी. एसीखालचा बेड किंवा टेबल सरकवून ठेवता आलं तर बरं, आणि बाथरूमचा एक नळ लागेल. निघताना मेसेज करू.’

पहिल्या घराला मी अजूनही थेट १० लिहिते, कारण सकाळी घरातून निघणं आपल्या हातात असतं. दुसऱ्याला अर्ध्या तासाची रेंज, तिसऱ्याला २:१५ ते ३ (जेवणाचा अर्धा तास धरून), चौथ्याला ४ ते ४:४५. दिवस पुढे सरकतो तशी रेंज मोठी करावी लागते कारण आधीच्या घरांचा उशीर पुढे साचत जातो, सगळ्यांना सारखाच अर्धा तास दिला की संध्याकाळचं घर परत फसतं. आणि हो, आधी मी चारची पाचवी अपॉइंटमेंट पण घ्यायचे, पोचायला सव्वापाच व्हायचे आणि ती बरेचदा कॅन्सलच व्हायची, ती आता घेत नाही. बफर लिहिलं पण कामं तेवढीच कोंबली तर त्या बफरला काही अर्थ नाही.

तुमचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे असणार, बैठ्या घरांमध्ये गेट-लिफ्टचा वेळ जवळजवळ लागतच नाही, एकाच घरात दोन एसी असतील तर पंप एकदाच मांडायचा पण प्लॅस्टिकची पिशवी दोनदा बांधायची. म्हणून दहा दिवस प्रत्येक घराचे तीनच टाइम लिहून ठेवा: गेटवर कधी, पंप कधी चालू, घरातून बाहेर कधी. पहिल्या दोनमधला फरक म्हणजे तुमची खरी तयारी. माझा अंदाज १० मिनिटांचा होता, निघाली २५. आणि दहातल्या सात वेळा तुम्ही बिल्डिंगखाली वाट बघत उभे असाल तर रेंज जास्त झालीय, कमी करा.

एक गोष्ट मात्र या बफरमध्ये बसत नाही. सर्व्हिसला गेलात आणि कळलं की गॅस लीक आहे, तर लीक शोधणं, व्हॅक्यूम मारणं, गॅस भरणं यात वेगळाच वेळ जातो. त्यासाठी आधीच सगळ्यांना तासभर जास्त लिहिणं चूक आहे. तेव्हा नवरा काम हातात घ्यायच्या आधी मला फोन करतो, मी पुढच्या घराला लगेच विचारते की ‘एक तास उशीर होईल, चालेल का, की उद्या सकाळी पहिलं तुमचं करू?’ बरेच जण सकाळचंच घेतात, आणि तेव्हा हे काम तिथेच पूर्ण करता येतं.