राउटर बदलल्यावर स्मार्ट लाइट आणि प्लग सापडत नाहीत

प्रश्न: नवीन राउटर बसवल्यापासून अॅपमध्ये घरातले सगळे लाइट आणि प्लग ऑफलाइन दिसतायत, शोधूनही सापडत नाहीत. सगळं पहिल्यापासून सेटअप करावं लागेल का?

उत्तर: बहुतेक नाही लागणार. फक्त अॅपमधून एकही डिव्हाइस डिलीट करू नका, नाहीतर त्याच्याबरोबर लावलेले टायमर आणि सीनपण जातात.

होतं काय, की वायफायवर चालणाऱ्या बल्ब-प्लगमध्ये जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड सेव्ह असतो आणि ते अजून तेच नाव शोधत बसलेले असतात, त्यांना राउटर बदलल्याचं कोण सांगणार. म्हणून नव्या राउटरलाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या, अगदी तंतोतंत, कॅपिटल-स्मॉल अक्षरं आणि मधली स्पेससकट. पासवर्ड आठवत नसेल तर जुन्या वायफायला कधी जोडलेला विंडोज लॅपटॉप असेल तर त्यात कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका (Ghar च्या जागी तुमचं जुनं नाव):

```
netsh wlan show profile name="Ghar" key=clear
```

Key Content समोर पासवर्ड दिसेल.

आता राउटरच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. हे बल्ब-प्लग बहुतेक फक्त 2.4 GHz वर चालतात, नवे राउटर मात्र 2.4 आणि 5 एकाच नावाने चालवतात. ते स्मार्ट कनेक्ट बंद करा, जुनं नाव 2.4 ला द्या आणि 5 ला वेगळं काहीतरी. दुसरं म्हणजे सिक्युरिटी WPA2 ठेवा. मावशीकडे बल्ब सगळे आपोआप आले पण गीझरचा प्लग काही केल्या येईना, तिच्या राउटरवर WPA2/WPA3 मिक्स होतं, नुसतं WPA2 केलं, प्लग एकदा काढून लावला आणि थोड्या वेळात तो ऑनलाइन आला.

तरीही नाही आलं तर राउटरच्या पेजवर जोडलेल्या डिव्हाइसची यादी उघडा. बल्ब यादीत नसेल तर तो वायफायलाच लागलेला नाही, मग नाव-पासवर्ड-बँड परत तपासा. यादीत आहे पण अॅपला सापडत नाही, तर बघा बल्ब किंवा फोन गेस्ट वायफायवर तर नाही ना, कारण गेस्टवर डिव्हाइस एकमेकांना दिसत नाहीत, AP isolation चालू असेल तरी तेच होतं, तो ऑप्शन बंद करा.

आणि तुमचे लाइट हबवाले, म्हणजे झिगबीचे असतील तर बल्बना हात लावायचं कारणच नाही, ते हबशी बोलतात, राउटरशी नाही. हबची लॅन केबल नव्या राउटरमध्ये घाला आणि फोन त्याच राउटरच्या वायफायवर ठेवा.