पहिल्यांदा एकट्याने शेळ्या नेशील तेव्हा

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या शेळ्या तू एकट्याने राखणार आहेस, असे ताईने फोनवर सांगितले. फोनवर बोलताना निम्मे राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी पहिल्यांदा एकटा शेळ्या घेऊन गेलो तो दिवसही कार्तिकातलाच होता आणि माळही तोच, आपला बालाघाटाचा. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि योगायोगाने शेळ्याही अकराच होत्या. सगळ्या उस्मानाबादी, म्हणजे बहुतेक काळ्या, लांब कानांच्या आणि लांबून पाहिले तर एकीसारखी दुसरी. मला त्या दिवशी जो फटका बसला तो या शेवटच्या गोष्टीमुळेच बसला.

सकाळी मी घाईत होतो, पण आईने नऊ वाजेपर्यंत दावण सोडू दिली नाही. गवतावरचे दव वाळल्याशिवाय शेळ्या सोडायच्या नाहीत, कारण ओल्या गवताच्या शेंड्यांवर जंताची बारीक पिल्ले चढलेली असतात आणि ती चाऱ्याबरोबर पोटात जातात, हे कारण मला पुष्कळ वर्षांनी पशुवैद्यांकडून कळले. आईला कारण ठाऊक नव्हते, पण नियम ठाऊक होता. लहान करडे डालग्याखाली झाकून ठेवली, काठी, आकडी आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेतली आणि निघालो. निघताना आई एवढेच म्हणाली, “बांडीकडं बघ रं, तिचे दिवस भरत आलेत.” मी हो म्हटले आणि बांडीकडे पाहिले नाही.

खरे म्हणजे पाहायला हवे होते. शेळी साधारण पाच महिन्यांनी विते, आणि वेळ जवळ आली की तिची कास ताणून चकाकू लागते, शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या शिरा सैल पडून तिथे खळगा दिसतो, ती चरताना मागे राहते आणि पुढच्या पायाने जमीन उकरते. यातले एक लक्षण दिसले तर नुसते लक्ष ठेवावे. दोन-तीन एकदम दिसली तर तिला घरीच बांधावे. बांडी त्या सकाळी सर्वांत मागे चालत होती. मला वाटले, पोट जड झाल्यामुळे चालत असेल.

पहिला तासभर शेळ्या नुसत्या धावतात. गाईसारखे एका जागी उभे राहून चरणे त्यांना जमत नाही. बोरीचा शेंडा, बाभळीच्या शेंगा, मग मागच्या दोन पायांवर उभे राहून हिवराचा पाला, असे त्यांचे चालू असते. या तासात तू त्यांच्या मागे पळू नकोस, म्होरकी शेळी कुठे जाते तेवढे बघ, बाकीच्या तिच्या मागे जातात. मी मात्र प्रत्येकीच्या मागे पळालो आणि दुपारी ओढ्यावरच्या पाण्याला पोहोचेपर्यंत इतका दमलो होतो, की तिथे शेजारच्या वाडीचा कळप पाणी पीत होता, तरी आपल्या शेळ्या त्यांच्यात सोडून मी करंजाच्या सावलीला भाकरी खायला बसलो.

जेवण होऊन मी शेळ्या बाहेर काढल्या, बांधाच्या खिंडीतून एकेक जाऊ दिली आणि मोजल्या. अकरा भरल्या. मी निश्चिंत झालो, आणि माझी चूक नेमकी इथे झाली. आकडा बरोबर होता, पण शेळ्या त्याच नव्हत्या, आणि हे मला कळले ते योगायोगाने. माळाच्या खाली शाळूचे रान होते, ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती, आणि एक शेळी त्यात शिरायला निघाली. परक्याच्या पिकात गेली तर भांडण होते एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. तू मात्र हेही लक्षात ठेव, की कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याच्या ताणाने सुकलेली किंवा कापल्यावर फुटलेली, शेळीच्या पोटात गेली की तिच्यातून विष तयार होते. शेळी धापा टाकते, झोकांड्या खाते आणि अर्ध्या तासातही जाऊ शकते. पशुवैद्याकडे त्यावर इंजेक्शन असते, पण माळावरून तिथे पोहोचेपर्यंत वेळ उरत नाही, म्हणून ज्वारीच्या बांधापासून लांबच राहावे.

तर मी त्या शेळीला हाळी दिली. आपली शेळी आपला आवाज ओळखते, निदान मान तरी वळवते. हिने कान हलवला नाही. धावत जाऊन आडवा झालो तेव्हा दिसले, की तिच्या उजव्या कानाला चीर दिली होती. आमच्या घरी कान कधी कापत नसत. ती पाण्यावरून आमच्यात आलेली परकी शेळी होती, म्हणजे आपली एक कमी होती. कोण कमी आहे हे आकड्याने सांगता येईना, म्हणून एकेकीला नावाने बघत गेलो: चांदी आहे, मोरी आहे, लंगडी आहे. बांडी नव्हती.

त्या वेळी दहा शेळ्या माळावर टाकून एकट्याने मागे पळावे असे फार वाटले. तसे केले नाही, हे त्या दिवशीचे माझे एकच शहाणपण, आणि तेही भीतीपोटी होते, कारण आपल्या माळावर लांडगा आहे आणि राखणदार नसलेला कळप त्याला लांबून कळतो. मी परकीसह सगळा कळप वळवला आणि आलेल्या वाटेनेच मागे नेला. वेळ दुप्पट लागला. विणारी शेळी आडोसा शोधते, म्हणून उघड्या माळावर न पाहता ओढ्याच्या काठाने पाहत गेलो, आणि एका हिवराखाली बांडी सापडली. एक करडू जवळजवळ कोरडे होऊन उभे राहण्याची खटपट करत होते आणि दुसऱ्याचे दोन खूर व त्यांवर टेकलेले नाक बाहेर दिसत होते. असे दिसले तर येणे सरळ आहे, ओढायचे नाही. थोड्या वेळात ते आपोआप खाली आले; मी त्याच्या नाकातोंडावरचा चिकटा फडक्याने पुसला आणि बाकीचे चाटणे बांडीवर सोडले. नंतर दोन्ही सडांची पहिली धार पिळून तोंड मोकळे केले आणि करडांना चीक पाजला. वार पडायची राहिली होती, पण ऊन उतरले होते आणि लोंबणारी वार ओढायची नसते, म्हणून तशीच निघालो.

करडे खांद्यावर घेतली तर बांडी येईना, ओरडत मागे हिवराकडे जाऊ लागली. मग दोन्ही करडे तिच्या नाकाजवळ येतील इतकी खाली धरून वाकून चाललो. माझी पाठ दुखली, पण ती हुंगत हुंगत आली.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. वडील दारात मोजत होते आणि चौदावर थांबून माझ्याकडे पाहू लागले. परकी शेळी तटतटलेल्या कासेने आपल्या करडांसाठी ओरडत होती. आईने तिला वेगळी बांधून तिचे दूध काढले, तापवले आणि वेगळ्या तांब्यात झाकून ठेवले. सकाळी वाडीचा माणूस शोधत आला, त्याने आधी शेळीचा कान पाहिला, मग कास पाहिली आणि काही विचारायच्या आत आईने तो तांब्या त्याच्या हातात दिला.

तुझा,
मामा