दोन सुरांची कॉर्ड आणि आमच्या सरांचा हट्ट

प्रश्न: पॉवर कॉर्डमध्ये दोनच सूर असतात, मग ती फुल कॉर्डपेक्षा दणकट का वाटते? आणि तळवा तारांवर टेकवून, म्हणजे पाम म्यूट करूनही माझं रिदम गचाळ का येतं?

गचाळचं आधी एका ओळीत सांगतो: गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणारं बटण, कमी करा. निम्म्या लोकांचं तिथेच भागतं.

आता दोन सुरांचं. आमचे गिटारचे सर म्हणायचे की दोन बोटांची कॉर्ड म्हणजे आळशी लोकांचा शॉर्टकट, बारे, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबणं, जमत नाही म्हणून काढलेली पळवाट. मीही तेच धरून बसलो आणि कॉलेजच्या गॅदरिंगला डिस्टॉर्शन फुल करून पाचव्या फ्रेटवर सहा तारांचा ए मेजर बारे वाजवला. असला चिखल झाला की ड्रमवाला मित्र मध्येच ओरडला, "अरे, तू नक्की काय वाजवतोयस?" खाली उतरल्यावर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की बोटं नीट दाबली जात नाहीत. बोटं नीटच होती!

उलगडा झाला तो घरी, आत्यामुळे. ती गाते, तंबोऱ्यावर. तिला तीच कॉर्ड वाजवून दाखवली तर म्हणाली, "तुझा गंधार चढा आहे रे, पेटीसारखा." बस्स, एवढंच. मग मी आकडे मांडून बघितले. पॉवर कॉर्डचे दोन सूर म्हणजे पाचव्या फ्रेटवरचा खालचा ए, 110 हर्ट्झ, आणि त्याचा पंचम ई, जवळपास 165. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र घातले की ॲम्प त्यांच्यातल्या फरकाचा तिसरा सूर स्वतःच तयार करतो, 165 वजा 110 म्हणजे 55, तोही ए-च, पण एक सप्तक खाली. बोटाने न वाजवलेला खर्ज फुकटात मिळतो, दणका तिथून येतो. बेरीज केली तर 275, तो तर शुद्ध गंधार, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तोच. म्हणजे गंधार न वाजवताही तो आत असतोच, आणि सुरात असतो.

आता बारेमध्ये आपण बोटाने वेगळा गंधार घालतो, तो गिटारवर 277 च्या आसपास लागतो. वरच्या ए-शी, म्हणजे 220 शी त्याचा फरक येतो 57, आणि वरच्या ई-शी, जो 330 च्या जरा खालीच असतो, साधारण 52. म्हणजे खाली 52, 55 आणि 57 असे तीन सूर एकमेकांना घासत बसतात. चिखल म्हणतात तो हाच. क्लीन आवाजात हे घासणं होत नाही म्हणून तिथे फुल कॉर्ड मस्त लागते, आणि सर आयुष्यभर क्लीनच वाजवायचे.

पाम म्यूटचं बोलायचं तर डिस्टॉर्शन हळू आवाजालाही वर ओढतं, त्यामुळे तार मरायचं नाव घेत नाही आणि दोन ठोक्यांमधली गॅप भरून जाते. ड्रमवाल्याला ठोका कुठे संपला ते कळत नव्हतं ते यामुळे. तळव्याची करंगळीकडची कड बरोबर ब्रिजवर ठेवा, जाड ई वर आठ-आठ ठोके वाजवत राहा आणि हात मिलिमीटर-मिलिमीटरने नेककडे सरकवा. आधी तार मोकळी वाजेल, मग धप्प-धप्प होईल पण सूर ओळखता येईल (हीच जागा), आणि अजून पुढे गेलात की नुसता लाकडावर मारल्यासारखा ठक येईल. दाबू नका, टेकवा. दाबलं की सूर चढतो, आणि फ्लोटिंग ब्रिज असेल तर हमखास.

माझी स्वतःची चूक मात्र डाव्या हाताची होती, म्यूट उजव्या हाताने करत होतो पण वरच्या बारीक तारा मोकळ्या राहून गुणगुणत होत्या. पॉवर कॉर्ड धरताना पहिलं बोट थोडं आडवं पाडून त्या ताराही हलक्या झाकायच्या. मेट्रोनोम 80 वर लावा, सात ठोके म्यूट आणि आठवा मोकळा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि सूर नाही, गॅप ऐका. गॅपमध्ये काही ऐकू आलं तर कुठला तरी हात चुकतोय.

हां, एक राहिलं, पंचम सोडून दुसरी जोडी धरली तर एवढं सोपं गणित बसत नाही, आणि मायनर-मेजरचा मूड पॉवर कॉर्डमधून स्पष्ट येत नाही, तो गायकाने किंवा बासवाल्याने द्यायचा. फुल कॉर्डचं सगळं काम तिच्याने होत नाही, सरांचं तेवढं बरोबर होतं. पण बोटं नीट दाबलेली होती, हे मी अजूनही सांगतो.