स्टायलिस्टची ट्रायल: आधी कात्री, मग मुलाखत

प्रश्न: माझं छोटं सलॉन आहे. मुलाखतीत सगळेच गोड बोलतात, ट्रायलला हातही बरा वाटतो, आणि महिन्याभरात खरं रूप कळतं. स्टायलिस्ट घेताना हात आणि स्वभाव नेमका कसा तपासायचा?

मी नाशिकला सलॉन चालवते. सुरुवातीची काही वर्षं आधी मुलाखत, मग ट्रायल असंच करत होते. त्यात व्हायचं असं, की माणूस बोलण्यात आवडला की त्याचा वाकडा कटही 'जमेल हळूहळू' वाटायचा. आता क्रम उलटा केलाय. आल्यावर चहा, नाव-गाव, आणि थेट खुर्ची.

ट्रायलला सगळ्यांना एकच कट देते: हनुवटी आणि खांद्याच्या मधला, एका लांबीचा साधा बॉब. लेयर किंवा स्टेपमध्ये चुका लपतात, सरळ रेषेत लपत नाहीत. मॉडेल ओळखीतल्याच, शक्यतो सरळ केसांच्या. कुरळे केस वाळल्यावर किती वर चढतील याचा भरवसा नसतो, मग एकाला सोपं आणि दुसऱ्याला अवघड पडतं.

बघायची जागा म्हणजे कान. कानावरचे केस कानामुळे बाहेर उचललेले असतात. ओले असताना ते बारीक कंगव्याने ताणून कापले, की वाळल्यावर तेवढाच भाग वर जातो आणि रेषेत खाच दिसते. ज्याचा हात मुरलेला आहे तो तिथे ताण सोडतो, मोठ्या दातांचा कंगवा घेतो, केस नुसते पडू देतो. म्हणून कट झाला की लगेच मत देऊ नका. ब्रश न लावता केस वाळवायला सांगा आणि मग बघा. शिवाय तो आडव्या कापलेल्या केसांचे उभे भाग घेऊन स्वतः तपासतो का, की कात्री ठेवून थेट आरशाकडे बघतो, तेही पाहा.

मी आणि माझी सिनिअर मुलगी, दोघी वेगवेगळ्या कागदावर मार्क लिहितो. उमेदवाराला बाहेर बसवून, एकमेकींशी न बोलता. वेळेचे मार्क मी सगळ्यात कमी ठेवलेत, कारण पहिला अर्धा तास नव्या जागी कुणाचाही हात थरथरतो.

आता माझीच चूक सांगते. एक मुलगी आली होती. भाग अगदी स्वच्छ पाडलेले, पण टोकं चावल्यासारखी. केस पात्यांमध्ये दुमडत होते. आम्ही दोघींनी तिला नापास केलं. ती निघताना डाव्या हाताने चप्पल घालायला वाकली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कात्री आम्ही दिलेली होती, उजव्या हाताची! ती डाव्या हातात धरली की अंगठ्याचा दाब उलटा पडतो, पाती एकमेकींपासून सुटतात आणि केस कापला न जाता मुडपतो. तिने संकोचाने सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्वतःची कात्री घेऊन आली आणि रेष अशी काढली की माझी सिनिअर गप्प झाली. तेव्हापासून निरोपातच लिहिते: तुमची कात्री, तुमचा कंगवा घेऊन या.

स्वभाव कळायला मी एक गोष्ट मुद्दाम करते. मॉडेलला आधीच सांगून ठेवते, की अर्धा कट झाला की म्हण, 'अहो, फार आखूड नको हं.' इथे एकजण म्हणाला, 'मॅडम, माझ्यावर सोडा.' दुसरी थांबली, कंगवा ठेवला, बोटाने लांबी दाखवून विचारलं, 'ताई, इथपर्यंत चालेल?' पहिल्याचा हात जास्त सफाईदार होता. मी दुसरीला घेतलं, कारण कट शिकवता येतो. केस धुणाऱ्या पोराशी ते कसे बोलतात आणि खालचे केस झाडायला कुणाची वाट बघतात का, हेही मी लांबून बघते.

कलर मात्र ट्रायलला जिवंत डोक्यावर नाही. ४८ तास आधी पॅच टेस्ट केलेली नसते, आणि रिॲक्शन आली तर निस्तरायचं आपल्यालाच. फार तर ट्यूब आणि डेव्हलपर देऊन मिक्स करायला सांगा: काट्यावर मोजतो की अंदाजे पिळतो, एवढ्यावरून बरंच समजतं.

मग पंधरा मिनिटं बोलणं. एकच प्रश्न नेमाने विचारते: अलीकडे कुणाचा कट किंवा कलर बिघडला, आणि मग काय केलंत? 'माझा कधी बिघडत नाही' म्हणणाऱ्याला मी घेत नाही. 'जुन्या सलॉनचे क्लायंट घेऊन येतो' असं आमिष दाखवणाऱ्यालाही नाही. तो उद्या माझेही घेऊन जाईल.

ट्रायल बुधवारी-गुरुवारी ठेवा. रविवारच्या गर्दीत ठेवली तर ती परीक्षा राहत नाही, फुकटची मजुरी होते. दिवसाचे पैसे संध्याकाळीच हातात द्या, घेणार असाल तरी आणि नसाल तरी. मॉडेलकडून मात्र काही घेऊ नका, आणि कट बिघडला तर तिला घरी पाठवण्याआधी तुम्ही स्वतः नीट करून द्या.