नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणीत मार्जिन आधी, रुग्णसंख्या नंतर

प्रश्न: मी रत्नागिरी जिल्ह्यात मेडिसिनमध्ये पीजी करतो. पायाच्या सेल्युलायटिससाठी 10 दिवसांऐवजी 5 दिवसांचे अँटिबायोटिक पुरते का, हे थीसिसमध्ये तपासायचे आहे. मार्जिन 15% घेतले की रुग्ण एका पावसाळ्यात मिळून जातील, असे गाइड म्हणतात. हे चालेल का? सॅम्पल साइझ किती येईल?

उत्तर: नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणीत नवा उपचार जुन्यापेक्षा आधी ठरवलेल्या मर्यादेहून जास्त कमी पडत नाही, एवढेच दाखवायचे असते, आणि ती मर्यादा म्हणजे मार्जिन. एका पावसाळ्यात रुग्ण मिळून जातील हे खरे, पण 15% चे समर्थन करता येईल असे मला वाटत नाही.

10 दिवसांच्या उपचाराने 90% रुग्ण बरे होतात आणि 5 दिवसांनीही प्रत्यक्षात तेवढेच बरे होतील, असे धरू. एकतर्फी 2.5% सिग्निफिकन्स आणि 80% पॉवर ठेवून आर या सांख्यिकी संगणकभाषेत एवढेच लिहावे लागते:

```r
p1 <- 0.90; p2 <- 0.90; d <- 0.10
z <- qnorm(0.975) + qnorm(0.80)
ceiling(z^2 * (p1*(1-p1) + p2*(1-p2)) / (d + p2 - p1)^2)
```

मार्जिन (`d`) 10% असताना प्रत्येक गटात 142 रुग्ण लागतात. 15% केले तर 63 पुरतात आणि 5% केले तर 566 लागतात. मार्जिन छेदात वर्गाच्या रूपात बसलेले असल्याने ते निम्मे केले की संख्या चौपट होते, आणि म्हणूनच रुग्ण कमी पडू लागले की सगळ्यांची नजर आधी मार्जिनकडे वळते.

आता 63 चा अर्थ पाहा. समजा 10 दिवसांच्या गटात 57 आणि 5 दिवसांच्या गटात 55 रुग्ण बरे झाले. फरक 3% च्या आसपास असला, तरी 95% विश्वासांतराची खालची मर्यादा सुमारे उणे 14% येते. ती उणे 15% च्या अलीकडे असल्याने चाचणी यशस्वी ठरते, म्हणजे शंभरात चौदा जण जास्त बिघडण्याची शक्यता खोडून न काढताच तुम्ही "5 दिवस पुरतात" असे लिहून मोकळे होता. लावणीच्या दिवसांत चिखलात पाय घालून उभी राहणारी बाई सूज उतरली की परत येत नाही, आणि येते ती गळू झाल्यावर. तिच्यासाठी किती जादा अपयश सोसता येईल, हा प्रश्न आधी वॉर्डातल्या वरिष्ठांना आणि सर्जनना विचारा आणि त्यांचे उत्तर कारणांसह प्रोटोकॉलमध्ये लिहा. रुग्ण किती मिळतात हे मार्जिनचे कारण होऊ शकत नाही.

अमेरिकेच्या एफडीएच्या त्वचासंसर्गावरील मार्गदर्शनात 10% मार्जिन आहे, तेच उचलावे असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याचा आधार पेनिसिलिन उपचारात येण्याच्याही आधीचा आहे: 1937 साली विसर्प हा त्वचासंसर्ग झालेल्या रुग्णांत सल्फा औषध आणि अतिनील किरण यांची तुलना झाली होती, आणि त्यावरून पहिल्या 48 ते 72 तासांत औषधाने किती फरक पडतो याचा अंदाज बांधला गेला. तुमच्या दोन्ही गटांना पहिले पाच दिवस एकच औषध मिळणार असल्यामुळे त्या वेळी मोजलेला फरक शून्याच्याच जवळ येईल आणि चाचणी काहीही सिद्ध न करता यशस्वी दिसेल. तुमचे मोजमाप उपचार संपल्यानंतरचे, उदाहरणार्थ चौदाव्या दिवसाचे हवे आणि मार्जिनही त्याच मोजमापासाठी ठरवलेले हवे. वैद्यकीय कारणे देऊन तिथे 10% वर आलात, तर मला हरकत दिसत नाही.

दुसरी गफलत "दोन्ही सारखेच" या गृहीतकात असते. 5 दिवसांचा उपचार प्रत्यक्षात थोडासा कमी पडत असेल, समजा 88% जण बरे होत असतील, तर 10% मार्जिनला 142 ऐवजी 240 रुग्ण लागतात आणि 5% मार्जिनला 566 ऐवजी 1706. मार्जिन जितके अरुंद, तितके हे गृहीतक महाग पडते. बरे होण्याचे मूळ प्रमाणही आपल्याच रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरवरून काढा, कारण ते 90% नसून 80% निघाले तर 10% मार्जिनलाच 252 लागतील.

गळतीसाठी 142 ला 0.9 ने भागून 158 धरा. मात्र इथे गळतीपेक्षा सरमिसळ जास्त घातक असते. 5 दिवसांच्या गटातल्या कुणी गावच्या मेडिकलमधून आणखी गोळ्या आणून खाल्ल्या, तर दोन्ही गट एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि अशा चाचणीत सारखे दिसणे म्हणजेच यश. म्हणून पाचव्या आणि दहाव्या दिवशी फोन करून गोळ्यांची विचारपूस करा, विश्लेषण सर्व रुग्णांवर आणि प्रोटोकॉल पाळलेल्यांवर असे दोन्ही प्रकारे करा, आणि दोन्हींत मर्यादा मार्जिनच्या आत राहिली तरच निष्कर्ष काढा.

दोन्ही गट मिळून 316 रुग्ण एका रुग्णालयात जमणार नसतील, तर सिंधुदुर्गातले एखादे रुग्णालय जोडून घ्या किंवा दोन पावसाळे घ्या. तेही शक्य नसेल, तर थीसिससाठी याच विषयाचा निरीक्षणात्मक अभ्यास करा. चाचणीच करायची ठरली, तर सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतली नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी पूर्ण व्हावी लागते, आणि मार्जिन त्या नोंदीतच लिहून टाका.