गरब्याच्या ओळीत टाळी कुठे पडते

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मराठी गरबा वाचला. आपल्या बडोद्याच्या वाड्यात तो तीन टाळीवर म्हणायचा आहे, तेव्हा आधी टाळीचेच बोलू. तीन टाळीत तीन टाळ्या पडतात आणि चौथी जागा मोकळी राहते. तिथे हात उघडून फेर पुढे सरकतो. हींचसारख्या डुलत्या ठेक्यावर यातल्या प्रत्येक जागेला तीन मात्रा धर, म्हणजे ओळ बारा मात्रांची होते.

तुझे ध्रुवपद ‘पावागडची ग माय’ असे आहे. मात्रा मोजल्या तर बरोबर बारा भरतात, आणि तरीही ते अडखळते. पहिली टाळी ‘पा’वर पडते, पण दुसरी चौथ्या मात्रेवर, म्हणजे ‘वा’ लांबवत असतानाच पडते. मुरलेली गायिका ते सांभाळून नेईल. चालता चालता गाणाऱ्या बायका मात्र ‘वा’ तोडतील किंवा टाळी उशिरा देतील. त्याऐवजी ‘उंच गडाची ग माय’ म्हणून पाहा. टाळ्या ‘उं’, ‘ग’ आणि ‘ची’ या अक्षरांवर स्वच्छ पडतात, आणि ‘माय’ मोकळ्या जागेत येते, जिथे हात उघडलेले असतात. पावागडचे नाव गेले याची हळहळ नको; बडोद्यात उंच गड म्हटल्यावर महाकालीखेरीज दुसरे कोण आठवणार?

झेलायची ओळही याच मापाची हवी: ‘टेक अंगणात पाय’. मध्यभागी बसलेल्या गायिकांनी पहिली ओळ म्हणावी आणि फेराने ही उचलावी. ही ओळ नऊही रात्री बदलू नकोस, कारण उशिरा फेरात शिरलेल्या मुलीला ती दुसऱ्या फेरीत पाठ झाली पाहिजे. शेजारच्या गुजराती घरांतल्या बायकाही फेरात असतात. त्यांना ‘अंगण’ लगेच कळते, ‘पाय’ त्या ऐकून उचलतील.

अंतऱ्यात तू हिरवा चुडा घातला आहेस. रिवाजाला ते धरून आहे, पण ‘हिरवा’ चार मात्रांचा असल्याने पुन्हा तीच अडचण येते. ‘लाल चुडा भरू आज’ तंतोतंत बसते आणि देवीला लाल रंग शोभतोही. ‘अष्टभुजा’, ‘त्रिपुरसुंदरी’ ही नावे आरतीसाठी ठेव. ढोली लय वाढवू लागला की जोडाक्षरे तोंडात विरघळतात आणि फेरातून नुसता गलका ऐकू येतो.

‘ग’ ओळीत एकदाच असू दे. मात्रा भरायला तो फार सोयीचा आहे, म्हणूनच तुझ्या तिसऱ्या अंतऱ्यात तो चारदा आला आहे.

नवी प्रत पाठवण्यापूर्वी चार जणींना अंगणात फिरायला लाव आणि आधी संथ, मग दुप्पट लयीत म्हणवून घे. त्या वेळी शब्दांकडे कान देऊ नकोस, हातांकडे बघ. सगळ्यांची टाळी एकाच अक्षरावर विस्कटली तर ती ओळ बदल. एकटीचीच चुकली तर ओळीला हात लावू नकोस.

तुझी,
मावशी