बघितलं, पण दिसलं नाही

माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यम. 'बघणे' म्हणजे लुक, सी, वॉच आणि 'ऐकणे' म्हणजे हिअर, लिसन, असं तिने पाठ केलंय. ती 'आय सी टीव्ही' लिहिते. हे चूक आहे एवढं मला कळतं, पण का चूक ते तिला सांगता येत नाही. रोजच्या छोट्या वाक्यांत कोणता शब्द कुठे घालायचा, हे कसं ठरवायचं?

तिने जी यादी पाठ केलीय, घोळ तिथूनच सुरू होतो. 'बघणे' या एका शब्दासमोर तीन इंग्रजी शब्द लिहिले की मुलांना वाटतं, मराठीत एकच आहे आणि इंग्रजीत उगाच तीन केलेत. पण मराठीतही एक नाही. आपण बघतो, आणि आपल्याला दिसतं. आपण ऐकतो, आणि आपल्याला ऐकू येतं. तुमच्या मुलीला हा फरक बोलायला लागल्यापासून येतोय. तोच तिच्या लक्षात आणून द्यायचा आहे.

घरात चष्मा सापडत नाही तेव्हाचं बोलणं आठवा. "टेबलावर बघितलंस का?" "बघितलं, पण दिसला नाही." चार वर्षांचं मूलही इथे दोन क्रियापदांची अदलाबदल करत नाही. बघणं हे मी करते, मान वळवून, नजर लावून. दिसणं मी करत नाही, ते होतं किंवा होत नाही. म्हणून पहिल्यात 'मी' आणि दुसऱ्यात 'मला'. इंग्रजीत हेच वाक्य होतं, 'आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी इट.' जे 'मी' करते ते लुक, जे 'मला' होतं ते सी.

कानाचंही तसंच. रात्री दारावर टकटक झाल्यासारखं वाटतं, आपण श्वास रोखून कान देतो. "मी नीट ऐकलं, पण काही ऐकू आलं नाही." 'आय लिसन्ड, बट आय डिडन्ट हिअर एनिथिंग.' कान देणं ते लिसन, कानावर पडणं ते हिअर. जाता जाता, लिसनच्या स्पेलिंगमध्ये टी आहे, पण तो उच्चारायचा नाही. 'लिस्टन' बरेच जण म्हणतात.

मी संध्याकाळी नोकरदार मंडळींना इंग्रजी बोलायला शिकवते. त्यांच्यातल्या एकाने सांगितलेला प्रसंग मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. त्याचा साहेबांशी फोन चालू होता, रेंज जात होती, आवाज तुटत होता. हा दोनतीनदा ठासून म्हणाला, 'सर, आय ॲम नॉट लिसनिंग टू यू.' पलीकडे एकदम शांतता. त्याला म्हणायचं होतं, "सर, तुमचा आवाज ऐकू येत नाहीये." तो म्हणाला ते असं झालं, "सर, मी तुमचं ऐकत नाहीये." हेच मराठीत म्हटलं असतं तरी साहेब तितकेच दुखावले असते. म्हणजे शब्दाची धार दोन्ही भाषांत एकाच जागी आहे. घोटाळा झाला तो 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' या दोघांसाठी त्याच्या डोक्यात एकच इंग्रजी शब्द बसला होता म्हणून. बरोबर वाक्य साधं आहे, 'सर, आय कान्ट हिअर यू.'

त्या वाक्यातला 'कान्ट' मुद्दाम बघा. मराठीत आपण चालू काळ वापरतो. ऐकू येतंय, दिसतंय. त्यामुळे मुलं सरळ 'आय ॲम हिअरिंग', 'आय ॲम सीइंग' करतात. जे आपोआप घडतं त्याला इंग्रजीत या अर्थाने सहसा आयएनजी लागत नाही, तिथे 'कॅन' येतो. "मला इथून समुद्र दिसतोय", 'आय कॅन सी द सी फ्रॉम हिअर.' "शेजारचं बाळ रडताना ऐकू येतंय", 'आय कॅन हिअर द बेबी क्राइंग.' आणि जे आपण करतो त्याला आयएनजी खुशाल लावावा. 'आय ॲम लुकिंग', 'आय ॲम वॉचिंग', 'आय ॲम लिसनिंग.'

आता एक अडचण, आणि ती खरी आहे. मराठी बोलताना आपण प्रत्येक वेळी इतके काटेकोर नसतो. "काल मी तुझ्या भावाला बाजारात बघितलं" असं आपण सर्रास म्हणतो. इथे 'मी' आहे, 'बघितलं' आहे, तरी इंग्रजीत 'आय सॉ युअर ब्रदर' असंच हवं. "तुझी बदली झाल्याचं मी ऐकलं" यातही 'मी' आहे, पण इंग्रजीत 'आय हर्ड यू गॉट ट्रान्सफर्ड.' म्हणून नुसतं 'मी' की 'मला' एवढ्यावर थांबू नका. वाक्य पालटून बघायचं. "तुझा भाऊ मला बाजारात दिसला" म्हटलं तर अर्थ बदलतो का? नाही. मग ते सी. "तुझ्या बदलीचं माझ्या कानावर आलं" चालतं ना? मग ते हिअर. उलट "फळ्याकडे बघ" पालटून बघा. "तुला फळा दिसो" असं काही होत नाही. म्हणजे ते सी नव्हे.

मग लुक आणि वॉच यांतला फरक. दोन्ही मुद्दाम करायच्याच गोष्टी, पण वॉच म्हणजे काही वेळ बघत राहणं, कारण समोर काहीतरी चाललेलं असतं, हलत असतं, किंवा केव्हाही बदलू शकतं. इथेही मराठीचा एक छोटा प्रत्यय मदत करतो, 'कडे'. "टीव्हीकडे बघ" आणि "टीव्ही बघ" ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे तुमच्या मुलीला विचारा, ती लगेच सांगेल. टीव्हीकडे बघ म्हणजे नजर तिकडे वळव, कदाचित वर पाल बसलीय. ते 'लुक ॲट द टीव्ही.' टीव्ही बघ म्हणजे त्यावर जे चाललंय ते बघत बस. ते 'वॉच टीव्ही.' तिने लिहिलेलं 'आय सी टीव्ही' चुकतं ते यामुळे. त्याचा अर्थ फार तर "मला टीव्हीचं खोकं दिसतंय" एवढा होतो. 'आय वॉच टीव्ही' म्हणजे मी टीव्ही बघते.

'कडे'ची खूण दरवेळी मिळेल असं नाही. "हा फोटो बघ" यात 'कडे' नाही, तरी ते 'लुक ॲट धिस फोटो'च, कारण फोटो हलत नाही, त्यात पुढे काही घडणार नाही. फोटोला वॉच लावला तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्यातून आता काहीतरी बाहेर पडणार आहे. मॅच, मुलांचा खेळ, खिडकीबाहेरचा पाऊस, झाडावरचे पक्षी, हे सगळं मात्र वॉच.

वॉचचा दुसरा अर्थ आपल्या स्वयंपाकघरात रोज ऐकू येतो. गॅसवर दूध ठेवलेलं असतं आणि आई बाहेर जाताना म्हणते, "दूध बघ गं." मुलीला ती दुधाचा रंग बघायला सांगत नसते. ऊतू जाईल, लक्ष ठेव, वर आलं की गॅस बंद कर, एवढं सगळं त्या 'बघ'मध्ये असतं. इंग्रजीत 'वॉच द मिल्क.' स्टँडवर अनोळखी माणसाला "जरा बॅग बघाल का?" म्हणतो, तेही 'कॅन यू वॉच माय बॅग?' इथे 'लुक ॲट माय बॅग' म्हटलं तर तो बॅगेवर एक नजर टाकेल आणि "छान आहे" म्हणेल. जिथे 'बघ'च्या जागी 'लक्ष ठेव' बसतं, तिथे वॉच.

सिनेमाच्या बाबतीत मुलांना उगाच बांधून ठेवू नका. 'वी सॉ अ मूव्ही लास्ट संडे' अगदी बरोबर आहे, 'वी वॉच्ड अ मूव्ही'ही चालतं. पूर्ण झालेला अनुभव म्हणून बोलायचं तर सी येतं, विशेषतः थिएटरात जाऊन पाहिला असेल तर. बघणं चालू आहे असं सांगायचं तर वॉच, 'डोन्ट डिस्टर्ब हिम, ही इज वॉचिंग अ मूव्ही.' मैफलीचंही हेच. सवाई गंधर्व महोत्सवात बसून भीमसेन जोशींना ऐकलेला माणूस म्हणेल, 'आय हर्ड भीमसेन जोशी इन पुणे.' तोच रोज सकाळी त्यांचं ध्वनिमुद्रण लावत असेल तर 'आय लिसन टू भीमसेन जोशी एव्हरी मॉर्निंग.' या ठिकाणी पालटून बघण्याची युक्ती उपयोगी पडत नाही, तेवढं वेगळं लक्षात ठेवावं लागतं.

'दिसणे'ची एक बाजू मात्र नक्की फसवते. "तू आज दमलेली दिसतेस." दिसणे म्हणून मुलं लगेच सी घेतात आणि 'यू सी टायर्ड' लिहितात. इथे कोणाला काही दिसण्याबद्दल बोलणं नाहीच, ती कशी दिसते याबद्दल आहे. ते 'यू लुक टायर्ड.' खूण सोपी आहे. 'मला दिसतं' असेल तर सी, 'कशी दिसते' असेल तर लुक. साडी छान दिसते, बाबा रागावलेले दिसतात, आभाळ भरलेलं दिसतंय, या सगळ्यांत लुक.

लुकनंतर 'ॲट' आणि लिसननंतर 'टू' विसरू नये, ही बाकी फक्त सवयीची गोष्ट. 'लुक मी' नाही, 'लुक ॲट मी.' 'लिसन मी' नाही, 'लिसन टू मी.' सी, वॉच, हिअर यांना मधे काही लागत नाही. नुसतं "बघ!" किंवा "ऐक!" म्हणायचं असेल तर मात्र 'लुक!' आणि 'लिसन!' पुरतं. "बघ, इंद्रधनुष्य!" हे 'लुक, अ रेनबो!' पण "बघ, मी म्हटलं नव्हतं?" यातलं 'बघ' डोळ्यांचं नाही, "पटलं ना आता?" या अर्थाचं आहे. ते 'सी? आय टोल्ड यू!' आणि "हा मुलगा माझं ऐकतच नाही" ही सगळ्या आयांची तक्रार इंग्रजीतही तशीच आहे, 'ही डझन्ट लिसन टू मी.' ऐकणे म्हणजे सांगितलेलं मानणे, हा अर्थ लिसनमध्येही आहे, हिअरमध्ये नाही.

मुलीकडून सराव करून घ्यायचा असेल तर घरातलीच वाक्यं घ्या आणि इंग्रजीकडे जाण्याआधी ती मराठीत पालटायला लावा. उदाहरणार्थ, संध्याकाळची पाच मिनिटं. "बेल वाजली, ऐकलंस का?" पालटलं की "बेल ऐकू आली का?" म्हणून 'डिड यू हिअर द बेल?' "भोकातून बघ कोण आहे", नजर लावायची आहे, 'लुक थ्रू द पीपहोल.' "काही दिसत नाहीये", 'आय कान्ट सी एनिथिंग.' "थांब, जरा ऐक", कान द्यायचा आहे, 'वेट, लिसन.' "आजीचा आवाज येतोय!" 'आय कॅन हिअर ग्रँडमा!' "तू दार उघड, मी तोवर दूध बघते", 'यू ओपन द डोअर, आय विल वॉच द मिल्क.'